ट्रायपॉडवर हलणारा सेन्सर

नव्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीत पिक्सेलच्या आकड्याशेजारी हल्ली आणखी एक आकडा ठळक छापलेला असतो: बॉडीतलं स्टॅबिलायझेशन किती स्टॉपचं आहे. २०२०मध्ये आलेल्या कॅनन आर५ने ठरावीक लेन्सबरोबर ८ स्टॉपचा दावा केला. कागदावरच्या हिशेबाने याचा अर्थ असा, की जो फोटो हातातून १/२५० सेकंदाला धारदार येत होता, तो आता पूर्ण एका सेकंदाला तसाच यावा. दुसरीकडे सोनी, निकॉन, ऑलिंपस, पॅनासॉनिक यांच्या माहितीपुस्तिका वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत, की कॅमेरा ट्रायपॉडवर लावला की स्टॅबिलायझेशन बंद करा. हात हलत असताना जे यंत्र इतकं कामाचं, ते कॅमेरा स्थिर झाल्यावर का नको, याचं कारण पुस्तिका सहसा देत नाहीत. त्यामुळे फोटोग्राफरांमध्ये दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, मी कधीच बंद करत नाही आणि मला कधी फरक दिसला नाही. दुसरा म्हणतो, माझे रात्रीचे सगळे फोटो त्यापायी गेले. माझ्या मते दोघंही खरं बोलतात. त्यांच्या लेन्स वेगळ्या असतात आणि शटर उघडं राहण्याचा वेळ वेगळा असतो, एवढंच.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. सेन्सर एका हलत्या चौकटीवर बसवलेला असतो आणि ती चौकट चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यांच्या जोरावर जवळजवळ तरंगत असते. कॅमेऱ्यातले चिमुकले जायरो कॅमेरा कोणत्या दिशेला किती वेगाने वळतोय ते सेकंदाला शेकडो-हजारो वेळा मोजतात. प्रोसेसर त्या वेगावरून वळण्याचा कोन काढतो, लेन्सच्या फोकल लेंग्थवरून प्रतिमा किती सरकेल ते ठरवतो आणि सेन्सर तेवढाच त्या प्रतिमेमागे नेतो. सेन्सर नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून आणखी काही संवेदक त्याच्या जागेवर नजर ठेवून असतात. २००३मध्ये मिनोल्टाच्या डिमाज ए१ने ही कल्पना बाजारात आणली, तेव्हा सेन्सर फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकत असे. २०१२मध्ये ऑलिंपसच्या ई-एम५ने त्यात कॅमेऱ्याचं गोल फिरणं आणि सरळ रेषेतलं सरकणंही धरलं, आणि तेव्हापासून ‘पाच अक्ष’ हा शब्द रूढ झाला.

या सगळ्या साखळीत एक गोष्ट नाही. जायरो बाहेरचं दृश्य पाहत नाही. समोरची इमारत हलली की नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याला फक्त स्वतःच्या वळण्याचा वेग कळतो, आणि तोही शून्याच्या एका अंदाजावरून. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर काही न ठेवताही कधी कधी दोन-तीन ग्रॅम दिसतात, तसं जायरोचं शून्य कधीच पूर्ण शून्य नसतं. कॅमेरा तापला, बाहेरची हवा गार झाली, की ते शून्य थोडं सरकतं. हातातल्या १/६० सेकंदाच्या फोटोत ही चूक नगण्य, कारण हाताची थरथर तिच्या कित्येक पट मोठी असते. पण कोन काढताना प्रोसेसर वेगाची बेरीज करत जातो, आणि शटर जितका वेळ उघडं तितका वेळ ती लहानशी चूकही बेरजेत भर घालत राहते. ट्रायपॉडवर थरथर उरलेलीच नसते. उरते ती फक्त चूक, आणि सेन्सर इमानेइतबारे तिच्या मागे जातो.

ही चूक किती मोठी म्हणायची? हिशेबाला एक पक्का आकडा हाताशी आहे, तो म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा. पृथ्वी तासाला १५ अंश वळते, म्हणजे सेकंदाला १५ विकला. ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला कॅमेराही तिच्याबरोबर वळत असतो, आणि पुरेसा संवेदनशील जायरो ते वळणं टिपतो. ही नुसती पुस्तकी गंमत नाही. २०१६मध्ये ऑलिंपसचे सेत्सुया काताओका यांनी सांगितलं होतं, की साडेसहा स्टॉपच्या पलीकडे जाण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा जायरोवर होणारा परिणाम आडवा येतो. (त्याच कंपनीने २०१९मध्ये नवा जायरो घालून ई-एम१एक्समध्ये साडेसात स्टॉपचा दावा केला, ते सोडा.)

आता एक प्रसंग घेऊ. पुण्याच्या वेताळ टेकडीवर संध्याकाळी कॅमेरा पूर्वेकडे, शहराच्या दिव्यांकडे रोखलेला आहे. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर आहे, ज्याचा एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. लेन्स २०० मिमी आणि एक्सपोजर ८ सेकंदांचं. पुण्याच्या अक्षांशावर पूर्वेकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पृथ्वीचं फिरणं बहुतांशी खाली-वर झुकल्यासारखं जाणवेल, सेकंदाला सुमारे १४ विकला. २०० मिमीच्या लेन्समागे तेवढ्या कोनासाठी सेन्सर सेकंदाला साधारण १४ मायक्रॉन सरकवावा लागतो. आठ सेकंदांत झाले ११० मायक्रॉन, म्हणजे अठराएक पिक्सेल. सेन्सरला हलायला काही मिलिमीटरची मोकळीक असते, त्यामुळे ०.११ मिमी त्याला सहज जमतं. शहर मात्र पृथ्वीबरोबरच वळतंय, ते जागचं हललेलं नाही. परिणामी प्रत्येक दिवा ठिपक्याऐवजी अठरा पिक्सेलची उभी काडी होतो. त्याच जागी २४ मिमीची लेन्स लावली तर हेच सरकणं जेमतेम दोन पिक्सेलचं होतं. मोबाइलच्या पडद्यावरच नव्हे, मोठ्या प्रिंटवरही ते क्वचितच कुणाच्या डोळ्यात भरेल. एकाला फरक दिसत नाही आणि दुसऱ्याचे फोटो वाया जातात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हा हिशेब खरा असला तरी अर्धा आहे, कारण कॅमेरा बनवणारे काही इतके भोळे नाहीत. जे वळणं फार हळू आणि एकसारखं आहे ते हाताचं नसणार, असं धरून प्रोसेसर ते वजा करतो. कॅमेरा काही सेकंद शांत राहिला की पृथ्वीचं फिरणं आणि जायरोचं सरकलेलं शून्य, दोन्ही एकत्रच ‘नवं शून्य’ म्हणून धरली जातात. त्यामुळे प्रत्यक्षात दिव्यांच्या काड्या वरच्या हिशेबाइतक्या नियमाने येत नाहीत. काही फ्रेम अगदी स्वच्छ येतात, पुढची घसरलेली येते, तिसरी दुसऱ्याच दिशेला. विशेषतः कॅमेरा नुकताच हातातून काढून ट्रायपॉडवर लावला, हेड फिरवून फ्रेम जुळवली आणि लगेच शटर दाबलं, तर यंत्र अजून त्या फिरवाफिरवीतून सावरत असतं. आधीच्या फोटोत दोष नव्हता म्हणून तो पुढच्यात नसेल, असं म्हणता येत नाही. हा दोष इतकी वर्षं वादात राहिला त्याला हा लहरीपणाही कारण आहे.

यातली खरी ओढाताण इथेच आहे. हळू वळणं जितकं कठोरपणे गाळाल, तितका ट्रायपॉडवरचा धोका कमी. पण हातातून दोन-दोन सेकंदांचे फोटो काढता यावेत असं वाटत असेल, तर शरीराचं मंद डुलणंही टिपायलाच हवं, म्हणजे गाळणी सैल ठेवायला हवी. सैल गाळणीतून मंद चूकही आत येते. म्हणून ‘आताचे कॅमेरे इतके प्रगत आहेत की बंद करायची गरजच नाही’ हे म्हणणं मला घाईचं वाटतं. प्रगत कॅमेरा आपण ट्रायपॉडवर आहोत हे ओळखण्यात पुढे गेलाय हे खरं. पण न ओळखल्यास मंद हालचालीवर तो जुन्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. जाहिरातीतला स्टॉपचा आकडाही इथे मदतीला येत नाही. तो काढण्याची जपानी उद्योगसंघटनेची, सीपाची, पद्धत अशी आहे, की कॅमेरा एका थरथरत्या यंत्रावर बसवायचा आणि माणसाच्या हातासारखी थरथर त्याला द्यायची. कॅमेरा स्थिर असेल तर काय होतं, हा त्या चाचणीचा विषयच नाही.

या दोषाचं एक जुनं स्पष्टीकरण अजूनही ऐकू येतं: स्टॅबिलायझरची मोटर हलते, त्या कंपनाने ट्रायपॉड हलतो, जायरो ते टिपतो, मोटर आणखी हलते आणि चक्र सुरू होतं. ही समजूत लेन्सच्या जमान्यातली. कॅननने १९९५मध्ये ७५-३०० मिमीची आयएस लेन्स आणली, ती एसएलआर कॅमेऱ्यासाठीची पहिली स्टॅबिलाइज्ड लेन्स. त्या पिढीच्या लेन्स ट्रायपॉडवर लावल्या की दृश्य व्ह्यूफाइंडरमध्ये डोळ्यांदेखत तरंगताना दिसे, आणि कंपनी त्या बंद करायला सांगे. १९९९च्या ३०० मिमी एफ/२.८ आयएस लेन्समध्ये कॅननने ट्रायपॉड ओळखण्याची सोय केली. जायरोकडून थरथर येईनाशी झाली की यंत्र आपली वागणूक बदलतं, अशी ती युक्ती. लांब लेन्सच्या जड काचा हलत असतील तर कंपनांचं चक्र अगदीच अशक्य नाही. पण बॉडीतल्या सेन्सरच्या बाबतीत, आणि विशेषतः काही सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये, मुख्य गुन्हेगार शून्याचं सरकणं हाच आहे. कंपनाच्या चक्राने रेषा जाड किंवा दुहेरी झाल्या असत्या. इथे त्या एका दिशेला ओढल्या जातात, आणि एक्सपोजर वाढवलं की ओढ वाढते.

पुस्तिकांमध्ये सगळ्यात समंजस भाषा मला निकॉनची वाटते. ट्रायपॉडवर व्हीआर बंद करा, पण हेड घट्ट केलेलं नसेल किंवा मोनोपॉड वापरत असाल तर चालू ठेवा, असा तिचा सल्ला. मुद्दा ट्रायपॉडच्या तीन पायांचा नाहीच. कॅमेरा खरोखर जखडलेला आहे का, हा मुद्दा आहे. पेंटॅक्सने आणखी वेगळी वाट धरली. त्यांच्या अनेक कॅमेऱ्यांत सेल्फ-टायमर किंवा रिमोट निवडला की स्टॅबिलायझेशन आपोआप बंद होतं. ज्याने रिमोट लावला त्याने कॅमेरा कशावर तरी ठेवलाच असणार, हा साधा तर्क जायरोच्या अंदाजापेक्षा भरवशाचा आहे. याच पेंटॅक्सने २०११मध्ये जीपीएसचं एक जोडयंत्र काढून तोच हलता सेन्सर ताऱ्यांच्या मागे मुद्दाम फिरवला. पृथ्वीच्या वळण्यामुळे सेन्सर सरकणं हा तिथे दोष राहत नाही, तेच काम होतं. फक्त सरकायचं किती आणि कुठे, हे तिथे जीपीएसची जागा, कॅमेऱ्याचा रोख आणि दिशा यांच्यावरून ठरतं.

फोटो अस्पष्ट आला की पहिला आळ स्टॅबिलायझरवर घालण्याची आता फॅशन झाली आहे, तीही चुकीची. ट्रायपॉडवरच्या ब्लरचे इतरही धनी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी. शटरच्या पडद्याच्या धक्क्याने येणारा ब्लर साधारण १/३० ते १/२००च्या पट्ट्यात दिसतो, कडा बहुधा वर-खाली दुहेरी होतात, आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन लावला की तो जातो. काही सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये हा धक्का एकूण वेळेच्या इतक्या छोट्या भागात संपतो, की दिसतच नाही. वाऱ्याचा ब्लर झुळकेबरोबर येतो-जातो, आणि दिव्यांच्या रेघा वेड्यावाकड्या, पुन्हा पुन्हा त्याच जागी परतणाऱ्या येतात. तापलेल्या हवेने दूरच्या इमारती जागोजागी वेगवेगळ्या वितळल्यासारख्या दिसतात, तर जवळचं झाड स्वच्छ राहतं. फोकस चुकला असेल तर ब्लरला दिशाच नसते. सरकणाऱ्या सेन्सरची सही अशी: संपूर्ण फ्रेमभर, जवळचं आणि दूरचं सारखंच, एकाच दिशेला, एकाच लांबीने ओढलेलं. याला एक अपवाद आहे. सेन्सर गोल फिरला असेल तर मध्यभाग स्वच्छ राहतो आणि कोपऱ्यांतले दिवे मध्याभोवतीच्या छोट्या कमानी होतात. ही कमान दिसली, कॅमेरा जमिनीकडे रोखलेला होता आणि हेड घट्ट होतं, तर मग मी दुसरं कारण शोधायला जात नाही. आकाशातल्या ताऱ्यांवरून मात्र हे ठरवू नका, ते स्वतःच कमानी काढतात.

आपला कॅमेरा कसा वागतो हे घरी एका संध्याकाळी कळतं. मोबाइलच्या टॉर्चवर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, सुईने एकच भोक पाडा आणि फोन अंधाऱ्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला पक्का टेकवून ठेवा. पंखा बंद करा, वॉशिंग मशीनही. कॅमेऱ्याला आपल्याकडची सगळ्यात लांब लेन्स लावा, फोकस हाताने करून तिथेच ठेवा, आयएसओ १०० आणि छिद्र बारीक, एफ/१६च्या आसपास. दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावा, पण पेंटॅक्ससारख्या ज्या कॅमेऱ्यांत त्याने स्टॅबिलायझेशनच बंद होतं तिथे तो टाळा, आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन चालू करा. मग १/१५, १ सेकंद, ८ सेकंद आणि ३० सेकंद असे फोटो घ्या, एकदा स्टॅबिलायझेशन चालू, एकदा बंद, असं आलटून पालटून. आधी सगळे ‘चालू’ आणि मग सगळे ‘बंद’ असं करू नका, कारण कॅमेरा मधल्या वेळात तापतो आणि तुलना बिघडते. प्रत्येक जोडी निदान आठ-दहा वेळा घ्या. लांब एक्सपोजरमध्ये ठिपका जळून पांढरा होईल, त्याची फिकीर नको. आपल्याला त्याचा आकार पाहायचा आहे. संगणकावर पूर्ण आकारात पाहताना दोन्ही गटांतले उत्तम फोटो शेजारी ठेवण्यात अर्थ नाही, वाईटातले वाईट ठेवा. स्टॅबिलायझेशन चालू असताना चांगला फोटो येतच नाही अशी तक्रार कुणाचीच नाही. तक्रार आहे ती भरवशाची.

एवढा वेळ नसेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये दृश्य दहापट मोठं करून अर्धा मिनिट बघत राहा. चित्र मुंगीच्या गतीने सरकत असेल, किंवा मध्येच हलकीशी उडी मारून जागेवर येत असेल, तर उत्तर मिळालं. काही कॅमेऱ्यांत स्टॅबिलायझेशन फक्त शटर अर्धं दाबल्यावर किंवा फोटोच्या क्षणीच जागं होतं, तिथे ही झटपट परीक्षा फसवी ठरते.

आता बंद कधी करायचं? माझा उंबरठा ट्रायपॉडवर साधारण अर्ध्या सेकंदाचा आहे, लांब लेन्स असेल तर त्याहूनही अलीकडचा. तिथून पुढे बंदच. सह्याद्रीतल्या पावसाळी धबधब्यांवर एनडी फिल्टर लावून काढलेले फोटो, शहराचे दिवे, चांदणं, सगळं यात आलं. १/२५० आणि त्याहून वेगवान शटरला, जखडलेल्या कॅमेऱ्यावर, चालू राहिलं तरी सहसा काही बिघडत नाही, कारण सरकायला वेळच मिळत नाही. मधल्या पट्ट्यात बंद ठेवण्याने काही गमावत नाही, म्हणून तिथेही बंदच बरं.

काही कामांत प्रत्येक फोटो धारदार असूनही स्टॅबिलायझेशन घात करतं, आणि याची चर्चा फार कमी होते. टाइमलॅप्समध्ये किंवा एक्सपोजर ब्रॅकेटिंगमध्ये दोन फोटोंच्या मध्ये सेन्सर पुन्हा मध्यावर येतो, पण नेमका आधीच्याच जागी येईल असं नाही. प्रत्येक फ्रेम काही पिक्सेलने सरकलेली मिळते. टाइमलॅप्स चालवून पाहिलं की इमारती थरथरतात. कास पठारावरच्या बोटभर फुलाचं फोकस स्टॅकिंग करताना सॉफ्टवेअर फ्रेम जुळवून घेतं खरं, पण कडा कापल्या जातात आणि बारीक केसांभोवती भुतासारखी सावली राहते. व्हिडिओत ट्रायपॉडवरून सावकाश पॅन केला तर सुरुवातीला दृश्य चिकटून राहतं, मग सुटतं, आणि हात थांबल्यावरही किंचित पुढे जाऊन मागे येतं, कारण यंत्राने आपला पॅन ही थरथर समजून अडवून धरलेला असतो.

जुनी मॅन्युअल लेन्स अडॅप्टरवर लावणाऱ्यांनी एक वेगळी काळजी घ्यावी. अशी लेन्स कॅमेऱ्याला आपली फोकल लेंग्थ सांगत नाही, ती मेनूत हाताने भरावी लागते. काल १३५ मिमी भरलेलं आणि आज ५० मिमी लावली असेल तर सेन्सर हवा त्याच्या अडीच पटींहून जास्त हलेल आणि हातातला फोटोही बिघडेल. ट्रायपॉडवर तीच चूक शून्याच्या सरकण्याला तितक्याच पटीने फुगवते.

उलट बाजूही तितकीच खरी. मोनोपॉडवर, सैल ठेवलेल्या गिंबल हेडवर, वाहनं जाताना थरथरणाऱ्या पुलावर, बोटीत किंवा लाकडी मचाणावर ट्रायपॉड लावला असेल तर कॅमेरा जखडलेला नसतोच, आणि छोट्या एक्सपोजरला स्टॅबिलायझेशन चालू ठेवण्यात फायदा आहे. सगळ्यात अवघड प्रसंग वाऱ्याचा: ४००-६०० मिमीची लेन्स, ट्रायपॉड पक्का, पण समुद्रावरून झोत येतायत आणि शटर १/६०चं. इथे हलणं खरं आहे, पण ते हातासारखं सावकाश असेलच असं नाही. ट्रायपॉड-लेन्सची जोडी आपल्या स्वतःच्या तालात, बऱ्याचदा हाताच्या थरथरीपेक्षा वेगाने, झणझणते. दुरुस्ती किंचित उशिरा पोहोचली तर हलणं कमी होण्याऐवजी वाढतं. कोणत्या जोडीला काय मानवेल हे कुणाच्याच पुस्तिकेत मिळणार नाही. मी अशा वेळी मधली दांडी खाली घेतो, पिशवी लटकवलेली असेल तर ती जमिनीला टेकवतो, आणि मग दोन्ही प्रकारे दहा-दहा फोटो काढून तिथेच मोठे करून बघतो.

शेवटी बटणाचा प्रश्न. अनेक कॅमेऱ्यांत लेन्सवरच स्टॅबिलायझेशनचा स्विच असेल तर मेनूतला पर्याय फिका पडतो, आणि लेन्सचा स्विच बॉडीलाही आवरतो. काहींत दोन्ही वेगळे असतात आणि लेन्सचं बंद करून बॉडीचं चालूच राहतं. हे आपल्या जोडीपुरतं एकदा तपासून घ्यावं. बंद केल्यावर सेन्सर कुलूपबंद होतो असंही नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत चुंबकाच्या जोरावर तो मध्यावर धरून ठेवलेला असतो, आणि कॅमेराच बंद केला की सैल होऊन आत हलका खडखडतो. तो आवाज बिघाडाचा नव्हे. ट्रायपॉडसाठी वेगळी कस्टम सेटिंग करून त्यात स्टॅबिलायझेशन बंद, सेल्फ-टायमर दोन सेकंद आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन अशी बांधून ठेवली की तीन गोष्टी एका चकतीच्या वळणावर येतात. कॅमेरा पुन्हा हातात घेताना ती चकती परत फिरवायची असते, नाहीतर दुसऱ्या दिवशीचे हातातले फोटो हलतात आणि आळ लेन्सवर येतो.